बंद अंतरालावर फलनाची सर्वांत मोठी आणि सर्वांत लहान किंमत कशी शोधायची

एक संतत फलन दिलेलं असतं, एक बंद अंतराल दिलेलं असतं, आणि त्या अंतरालात फलनाची सर्वांत मोठी व सर्वांत लहान किंमत विचारलेली असते. नव्याने शिकणारे बहुतेक जण लगेच विकलज काढतात, तो शून्य कुठे होतो ते शोधतात आणि मिळालेला x हेच उत्तर धरून पुढच्या गणिताकडे वळतात. हे किती चुकू शकतं ते पाहण्यासाठी हे फलन घ्या:

f(x) = x^(2/3) · (20 − x), अंतराल [−8, 20]

याचा विकलज या अंतरालात फक्त x = 8 ला शून्य होतो. पण फलनाची सर्वांत मोठी किंमत तिथे नाही, आणि सर्वांत लहानही नाही. दोन्ही उत्तरं भलतीकडेच आहेत. हे गणित पुढे पूर्ण सोडवू. त्याआधी शोधायचं कुठे आणि तिथेच का, हे स्पष्ट करून घेऊ, कारण पद्धतीतली प्रत्येक पायरी त्या कारणातूनच येते.

शोध तीनच जागी का घ्यायचा

संतत फलन बंद अंतरालावर कुठेतरी आपली सर्वांत मोठी किंमत गाठतंच, आणि कुठेतरी सर्वांत लहान किंमतही गाठतं. हे प्रमेय आहे. बोल्झानोने त्याची सिद्धता १८३० च्या दशकात लिहिली होती, पण ते लेखन १९३० मध्ये प्रकाशित झालं. तोपर्यंत हे प्रमेय वायरस्ट्रासच्या नावाने रूढ झालेलं होतं. आपल्या कामाचा भाग एवढाच की उत्तर नक्की अस्तित्वात आहे. प्रश्न उरतो तो जागेचा.

समजा सर्वांत मोठी किंमत अंतरालाच्या आतल्या c या बिंदूवर आहे आणि तिथे विकलज अस्तित्वात आहे. तो धन असेल तर c च्या किंचित उजवीकडे फलनाची किंमत f(c) पेक्षा जास्त होईल, म्हणजे f(c) सर्वांत मोठी उरणार नाही. विकलज ऋण असेल तर तीच अडचण किंचित डावीकडे येईल. मग एकच पर्याय राहतो: f'(c) = 0. सर्वांत लहान किमतीसाठीही हाच युक्तिवाद उलट दिशेने चालतो.

आता हा युक्तिवाद कुठे कोलमडतो ते बघा. तो दोन गोष्टींवर उभा आहे: c च्या दोन्ही बाजूंना जागा आहे आणि विकलज अस्तित्वात आहे. अंतरालाच्या टोकावर एका बाजूला जागाच नसते, त्यामुळे तिथे विकलज शून्य नसूनही किंमत सर्वांत मोठी असू शकते. आणि आलेखाला जिथे टोकदार कोपरा असतो किंवा स्पर्शिका उभी होते, तिथे विकलजच नसतो, म्हणून तिथेही हा युक्तिवाद काही सांगू शकत नाही.

म्हणून उमेदवार तीन प्रकारचे: अंतरालाची दोन टोकं, आतले असे बिंदू जिथे f'(x) = 0, आणि आतले असे बिंदू जिथे फलन आहे पण विकलज नाही. शेवटच्या दोन प्रकारांना मिळून क्रांतिक बिंदू म्हणतात. या यादीबाहेर उत्तर असूच शकत नाही. यादी एकदा पूर्ण झाली की पुढे फक्त किमती काढून त्यांची तुलना करायची.

आधी एक साधं गणित

p(x) = 2x³ − 9x² − 24x + 10, अंतराल [−2, 3].

पहिली पायरी, फलन या अंतरालावर संतत आहे ना ते पाहणं. बहुपदी सगळीकडे संतत असते, त्यामुळे इथे एका क्षणाचं काम.

दुसरी पायरी, विकलज काढून त्याचे अवयव पाडणं:

p'(x) = 6x² − 18x − 24 = 6(x − 4)(x + 1)

विकलज x = 4 आणि x = −1 ला शून्य होतो. बहुपदीचा विकलज सगळीकडे असतोच, त्यामुळे तिसऱ्या प्रकारचा उमेदवार नाही.

तिसरी पायरी लहानशी आहे आणि सर्वांत जास्त वेळा राहून जाते: अंतरालाबाहेरचे बिंदू आत्ताच खोडून टाका. 4 हा [−2, 3] मध्ये नाही. तो यादीतून गेला. उरले −2, −1 आणि 3.

चौथी पायरी, या बिंदूंवर मूळ फलनाची किंमत काढणं:

p(−2) = 6
p(−1) = 23
p(3) = −89

सर्वांत मोठी किंमत 23, ती x = −1 ला. सर्वांत लहान −89, ती x = 3 ला, म्हणजे टोकावर.

आता 4 खोडला नसता तर काय झालं असतं? p(4) = −102. ही −89 पेक्षा लहान आहे, त्यामुळे ती थेट उत्तरात जाऊन बसली असती आणि तुलनेच्या वेळी काहीच खटकलं नसतं. बाहेरचा बिंदू नंतर पकडता येईल या भरवशावर राहू नका. यादी करतानाच, किंमत काढण्याच्या आधी, तो काढून टाका.

चौथ्या पायरीत आणखी एक घोटाळा नेहमी दिसतो. x ची किंमत मूळ p मध्ये न घालता p' मध्ये घातली जाते. याची खूण सोपी आहे: क्रांतिक बिंदूंच्या किमती सगळ्या शून्य येऊ लागल्या तर तुम्ही विकलजात किंमत घालत आहात. मला तर वहीत मूळ फलनाभोवती सुरुवातीलाच चौकट करून ठेवणं सर्वांत उपयोगी वाटतं.

आता मुख्य गणित

f(x) = x^(2/3) · (20 − x), अंतराल [−8, 20].

इथे x^(2/3) म्हणजे x च्या घनमुळाचा वर्ग. ऋण संख्येचंही घनमूळ असतं, म्हणून फलन पूर्ण अंतरालावर आहे आणि संतत आहे.

विकलज काढण्याआधी कंस सोडवून घेतला तर काम हलकं होतं:

f(x) = 20x^(2/3) − x^(5/3)

f'(x) = (40/3) x^(−1/3) − (5/3) x^(2/3)

इथे थांबून दोन्ही पदं एका छेदाखाली आणा. ही पायरी टाळू नका, कारण पुढचा सगळा निकाल तिच्यावर आहे:

f'(x) = 5(8 − x) / (3 x^(1/3))

असा अपूर्णांक समोर आला की त्याला दोन प्रश्न विचारायचे. अंश कुठे शून्य होतो? x = 8 ला. तिथे f' = 0. छेद कुठे शून्य होतो? x = 0 ला. तिथे f' अस्तित्वात नाही. पण मूळ फलन तिथे आहे का? आहे, f(0) = 0. म्हणून 0 हाही क्रांतिक बिंदू आहे. आलेख काढला तर तिथे खाली रोखलेलं टोकदार शिखर दिसतं. डावीकडून उतार उणे अनंताकडे जातो आणि उजवीकडून अधिक अनंताकडे.

हा 0 हातून निसटतो तो एका ठरावीक ठिकाणी. समीकरण 5(8 − x) / (3 x^(1/3)) = 0 असं लिहिलं जातं, दोन्ही बाजूंना छेदाने गुणलं जातं, 8 − x = 0 उरतं आणि छेद कागदावरून नाहीसा होतो. समीकरण सोडवण्याच्या दृष्टीने त्यात चूक नाही, कारण 0 हे त्या समीकरणाचं उत्तर नाहीच. पण आपल्याला नुसतं समीकरण सोडवायचं नव्हतं, क्रांतिक बिंदू शोधायचे होते. म्हणून गुणण्याच्या आधी छेदाचं शून्य बाजूला लिहून ठेवा.

8 आणि 0 दोन्ही अंतरालाच्या आत आहेत. त्यांत टोकं मिळवली की यादी पूर्ण:

f(−8) = 4 × 28 = 112
f(0) = 0 × 20 = 0
f(8) = 4 × 12 = 48
f(20) = 20^(2/3) × 0 = 0

सर्वांत मोठी किंमत 112, डाव्या टोकावर. सर्वांत लहान किंमत 0, आणि ती दोन ठिकाणी आहे: x = 0 ला आणि x = 20 ला. विकलज जिथे शून्य होतो त्या 8 ला यातलं काहीच मिळालं नाही.

दोन ठिकाणी समान किंमत आली म्हणून गोंधळू नका. सर्वांत लहान किंमत एकच आहे, शून्य. ती किती ठिकाणी गाठली जाते यावर बंधन नाही. उत्तर लिहिताना दोन्ही ठिकाणं लिहायची, आणि किंमत व ठिकाण वेगवेगळं दिसेल अशा वाक्यात लिहायची: "निरपेक्ष लघुतम किंमत 0 आहे, ती x = 0 आणि x = 20 येथे मिळते." नुसतं "लघुतम 20" असं लिहिलं तर ते चूकच आहे, कारण 20 ही फलनाची किंमत नाही.

यंत्रावर किमती तपासणार असाल तर एक सावधगिरी हवी. (−8)^(2/3) असं जसंच्या तसं टाकलं की काही कॅल्क्युलेटर चूक दाखवतात, आणि पायथनमध्ये (-8)**(2/3) लिहिलं तर उत्तर चक्क संमिश्र संख्येत येतं. आलेख काढणारी काही साधनं याच कारणाने y-अक्षाच्या डावीकडचा भाग काढतच नाहीत. अशा आलेखावर विसंबलात तर 112 दिसणारच नाही आणि x = 8 वरचे 48 सर्वांत मोठे वाटतील. आधी −8 चं घनमूळ काढा, −2 येईल, मग त्याचा वर्ग करा.

दुसरा विकलज इथे लागत नाही

x = 8 ला दुसऱ्या विकलजाची कसोटी लावली तर f''(8) ऋण येतो, म्हणजे तिथे स्थानिक महत्तम आहे. हे खरं आहे. 8 च्या आसपासच्या सगळ्या बिंदूंपेक्षा तिथली किंमत मोठी आहे. पण प्रश्न आसपासचा नाही, पूर्ण अंतरालाचा आहे, आणि पूर्ण अंतरालात 112 आहेत. शिवाय ही कसोटी टोकांबद्दल काही सांगत नाही आणि x = 0 ला लावताच येत नाही, कारण तिथे पहिलाच विकलज नाही. या प्रकारच्या गणितात ती लावणं म्हणजे जास्त मेहनत करून कमी माहिती मिळवणं. किमतींची तुलना थेट उत्तर देते.

अंतराल बदललं की उत्तर बदलतं

फलन तेच ठेवा आणि अंतराल [−1, 27] घ्या. विकलज पुन्हा काढायची गरज नाही. क्रांतिक बिंदू 0 आणि 8 अजूनही आत आहेत, बदलली फक्त टोकं:

f(−1) = 1 × 21 = 21
f(0) = 0
f(8) = 48
f(27) = 9 × (−7) = −63

आता सर्वांत मोठी किंमत 48, x = 8 ला. सर्वांत लहान −63, x = 27 ला. आणि [1, 27] घेतलं तर 0 हा बिंदू बाहेर जातो, यादीत 1, 8 आणि 27 उरतात. f(1) = 19, त्यामुळे उत्तर तेच राहतं. क्रांतिक बिंदू हे फलनाचे असतात, पण उत्तर फलन आणि अंतराल यांच्या जोडीचं असतं, म्हणून प्रश्नातलं अंतराल उत्तर लिहिण्याआधी पुन्हा एकदा बघा.

एखादा बिंदू सुटला हे कसं कळेल

त्रिकोणमितीय फलनात क्रांतिक बिंदू सुटण्याचा धोका सर्वांत जास्त असतो. हे घ्या:

h(x) = x + 2cos x, अंतराल [0, 2π]

h'(x) = 1 − 2sin x, आणि तो शून्य होण्यासाठी sin x = 1/2. कॅल्क्युलेटर π/6 हे एकच उत्तर देतो. समजा तुम्ही तेवढंच घेतलंत. किमती अशा येतात:

h(0) = 2
h(π/6) ≈ 2.256
h(2π) ≈ 8.283

यावरून सर्वांत लहान किंमत 2 वाटते.

आता पडताळा घ्या. यादीतल्या शेजारशेजारच्या दोन बिंदूंच्या मध्ये विकलज अस्तित्वात असतो आणि कुठेही शून्य होत नाही. शून्य न होता विकलजाचं चिन्ह बदलू शकत नाही, म्हणजे त्या तुकड्यात फलन एक तर सतत चढतं नाही तर सतत उतरतं. म्हणून मधल्या कुठल्याही बिंदूवरची किंमत दोन्ही शेजाऱ्यांच्या किमतींच्या दरम्यानच यायला हवी. π/6 आणि 2π यांच्या मधला सोयीचा बिंदू π घेऊ:

h(π) = π − 2 ≈ 1.142

ही किंमत 2.256 आणि 8.283 यांच्या दरम्यान नाही, खाली आहे. म्हणजे मध्ये कुठेतरी एक क्रांतिक बिंदू नक्की सुटला. शोधल्यावर सापडतो: sin x = 1/2 हे 5π/6 लाही खरं असतं. h(5π/6) ≈ 0.886. खरी लघुतम किंमत ही आहे आणि महत्तम 8.283 टोकावरच राहते.

दर दोन शेजाऱ्यांमध्ये एक किंमत काढायला फार वेळ लागत नाही, आणि पुष्कळ चुका त्यात पकडल्या जातात. मूळ f वर करून बघा: −8 आणि 0 यांच्या मध्ये f(−1) = 21, ती 112 आणि 0 यांच्या दरम्यान आहे. 0 आणि 8 यांच्या मध्ये f(1) = 19, तीही 0 आणि 48 यांच्या दरम्यान. मात्र हा पडताळा एकाच दिशेने खात्री देतो. किंमत बाहेर पडली तर बिंदू सुटला हे नक्की, पण दरम्यान आली म्हणून काहीच सुटलं नाही असं म्हणता येत नाही. h मध्ये π ऐवजी 3π/2 घेतला असता तर किंमत सुमारे 4.712 आली असती आणि चूक लपून राहिली असती. शंका असेल तर प्रत्येक तुकड्यात एकापेक्षा जास्त बिंदू तपासा.

त्रिकोणमितीय फलनांसाठी कॅल्क्युलेटर रेडियनवर असायला हवा, हे वेगळं सांगतो. h मध्ये x स्वतः बेरजेत येतो, त्यामुळे अंशांवर ठेवलेलं यंत्र h(π/6) ची किंमत जवळपास 2.52 दाखवतं. ती 2.256 च्या इतकी जवळ आहे की नुसतं बघून संशय येत नाही.

पद्धत कुठे लागू पडत नाही

पहिली पायरी क्षणाचं काम म्हणून सोडून दिली की काय होतं ते 1/x या फलनावर [−1, 1] मध्ये दिसतं. विकलज −1/x² आहे, तो कधीच शून्य होत नाही. टोकांच्या किमती −1 आणि 1. यांत्रिकपणे चाललात तर महत्तम 1, लघुतम −1 असं लिहाल. पण x = 0.01 ला किंमत 100 आहे, आणि उजवीकडून शून्याच्या जवळ जावं तशी ती हवी तेवढी मोठी होते, डावीकडून हवी तेवढी लहान. महत्तम किंमत अस्तित्वातच नाही, लघुतमही नाही. छेद इथेही x = 0 ला शून्य होतो, पण मघाच्या उदाहरणात x = 0 ला मूळ फलन होतं, इथे तेच नाही. म्हणून विकलजाचा छेद शून्य झाला की लगेच मूळ फलनाकडे बघायचं. फलन तिथे असेल आणि संतत असेल तर बिंदू यादीत जातो. फलनच तिथे नसेल तर पूर्ण पद्धतच त्या अंतरालावर थांबते. छेद, लॉगरिदम आणि सम मुळं या तीन ठिकाणी ही तपासणी न चुकता करा.

दुसरी अट बंद अंतरालाची. f(x) = x^(2/3)(20 − x) याच फलनासाठी (−8, 20) हे खुलं अंतराल घ्या, ज्यात दोन्ही टोकं धरलेली नाहीत. आता −8 आणि 20 यादीत येत नाहीत. टोकांच्या किमतींऐवजी तिथल्या मर्यादा काढायच्या: −8 कडे जाताना 112, 20 कडे जाताना 0. मग आतल्या क्रांतिक बिंदूंच्या किमती, 0 आणि 48, या मर्यादांशी ताडून पाहायच्या. 112 ही मर्यादा 48 पेक्षा मोठी आहे. म्हणजे फलन 112 च्या हवं तितकं जवळ जातं पण तिथे कधी पोहोचत नाही, म्हणून महत्तम किंमत अस्तित्वात नाही. लघुतम मात्र आहे, कारण 0 ही किंमत x = 0 ला प्रत्यक्ष मिळते आणि त्याखाली फलन कुठेच जात नाही. x = 20 हे ठिकाण तेवढं उत्तरातून गळतं.